बेळगावच्या बाजारात केळी घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वडिलांची बेळगावात केळ्यांची वखार होती. वखार बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण सण जवळ आला की नातेवाईक आणि शेजारी मला फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "ही घेऊ का?" फोटोवरून केळं ओळखता येत नाही, ते हातात धरावं लागतं. तरी तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे आकडा दिलाय, तिकडे बघा.

1. बाजारात पच्चबाळे, यालक्की, जवारी, राजापुरी, बूदबाळे अशी नावं ऐकू येतात. नेमकं काय काय असतं?

आपल्याकडे निम्मी नावं कन्नड आणि निम्मी मराठी. त्यामुळे लग्न होऊन कोल्हापूर-सांगलीहून आलेल्या सुनांची पहिल्या आठवड्यात हमखास फसगत होते. 'बाळे' म्हणजे केळ, एवढं धरून चाला.

पच्चबाळे म्हणजे लांब, वाकडं, रोजच्या खाण्यातलं केळं. महाराष्ट्रातली बसराई, श्रीमंती आणि आता सगळीकडे पसरलेली जी-नाइन याच कुळातली. 'पच्च' म्हणजे हिरवं. हे नाव उगाच पडलेलं नाही, ते प्रश्न 5 मध्ये कळेल.

यालक्की म्हणजे वेलची केळी. बोटाएवढी, पातळ सालीची आणि वासाची. किलोत साधारण 16 ते 20 बसतात. पुण्या-मुंबईत हिला सफेद वेलची म्हणतात.

राजापुरी हे उत्तर कर्नाटकातलं जुनं केळं. मध्यम लांबीचं, साल जाड, गर गोड. आपल्याकडे पुष्कळ जण यालाच 'जवारी' म्हणतात. पण जवारी म्हणजे फक्त गावठी. विकणारी मावशी तिच्या शेतातल्या कुठल्याही केळ्याला जवारी म्हणू शकते, म्हणून 'कुठलं जवारी?' असं पुढे विचारायचं.

बूदबाळे हे भाजीचं केळं. 'बूदी' म्हणजे राख. या केळ्यावर राखेसारखा पांढुरका थर असतो, बोटाने पुसला जातो. लाल केळ्याला कन्नडमध्ये चंद्रबाळे म्हणतात. कलबुर्गी जिल्ह्यातल्या कमलापूरचं लाल केळं प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय.

रसबाळेही अधूनमधून दिसते. खरी रसबाळे म्हैसूरजवळच्या नंजनगूडची. मर रोगाने तिथल्या बागा फार कमी झाल्या, त्यामुळे आपल्या बाजारात कुणी 'नंजनगूडची' म्हणून विकत असेल तर केळी आवडल्यास घ्या, नावाचे जादा पैसे देऊ नका.

2. लाल केळं आणि लाल वेलची एकच ना? आणि राजेळी म्हणजेच राजापुरी का?

दोन्हीचं उत्तर नाही. हे दोन घोटाळे फक्त सीमाभागातच होत असावेत, कारण दोन्ही बाजूंची नावं इथे एकाच टोपलीत येऊन पडतात.

महाराष्ट्रात 'लाल वेलची' म्हणतात ते पिकल्यावर पिवळंच असतं. दक्षिणेत त्याला पूवन म्हणतात. आंबटगोड, छोटं, सालीचं लाल केळ्याशी काही नातं नाही. लाल केळं म्हणजे चंद्रबाळे, जाडजूड, गुबगुबीत, कच्चं असतानाच मरून रंगाचं. गाड्यावर 'लाल वेलची द्या' म्हणालात आणि विकणाऱ्याने चंद्रबाळे पुढे केलं, तर चूक त्याची नाही.

राजेळी कोकणातली. घाटाखालून आंबोली किंवा चोर्ल्याच्या बाजूने खानापूरकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत असते. लांब, कडक, उकडून किंवा तुपात परतून खायची. केरळची नेंद्रन तीच. वसईकडची सुकेळी राजेळीची करतात. राजापुरी मात्र सोलून तशीच खायची. राजेळी राजापुरी समजून कच्चटच खाल्ली, की 'हे केळं बाद आहे' असा शेरा ठरलेला.

3. हिरवा घड किंवा फणी घ्यायची असेल तर ती नीट भरलेली आहे हे कसं ओळखायचं?

पिकण्याआधी भरणं बघायचं. केळं झाडावरून उतरवल्यावर पिकतं, पण भरत नाही. कोवळं कापलेलं केळं पिवळं होईल, मऊही होईल, पण गोडी येणार नाही, कारण साखर व्हायला लागणारं पिठूळपणच त्यात कमी असतं. असं केळं पिकताना सालीवर सुरकुत्या पडतात आणि सोलताना चामड्यासारखं ओढलं जातं.

भराव बघायचा कंगोऱ्यांवरून. केळ्याच्या अंगावर लांबीत उभ्या कडा असतात. कोवळ्या पच्चबाळेत त्या अशा धारदार असतात की अंगठा फिरवला तर टोचल्यासारखं वाटतं. भरत जाईल तशा त्या बोथट होतात. लांबच्या बाजारासाठी माल तीन-चतुर्थांश भरल्यावरच काढतात, नाहीतर वाटेतच पिकेल. म्हणून बाहेरगावच्या मालाला थोडे कंगोरे असणारच. जवळच्या शेतातलं केळं मात्र गोलसर असायला हवं. गोकाक-रायबागकडून आलंय म्हणे आणि कंगोरे चाकूसारखे, तर समजा की भाव चढा होता म्हणून घाईने कापलंय. श्रावणात आणि गणपतीच्या तोंडावर हे फार होतं.

दुसरी खूण टोकाची. केळ्याच्या टोकाला वाळलेल्या फुलाचा काळा शेंडा असतो. भरलेल्या केळ्याचा तो बोटाने चोळला की गळून पडतो. कोवळ्याचा चिकटून राहतो.

याला अपवाद बूदबाळेचा. तिचे कंगोरे भरल्यावरही राहतात, ती तशीच असते. तिथे कंगोरे सोडा, बोटाची जाडी बघा.

4. आज खायची, उद्या खायची, चार दिवसांनी खायची: कोणती घेऊ?

जुन्या बायका गाड्यावर बसल्या बसल्या विचारायच्या, "इवत्तिगा, नाळेगा?" म्हणजे आजला की उद्याला? हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारत नसेल तर तुम्हीच स्वतःला विचारा, मग फणीकडे बघा.

पच्चबाळे किंवा जी-नाइन थंड मोसमात घेताना ढोबळ हिशेब असा. हिरवं जास्त आणि पिवळं कमी असेल तर तीन-चार दिवस आहेत. पिवळं जास्त आणि हिरवं कमी असेल तर परवा. अंग पिवळं, फक्त देठ आणि टोक हिरवट असेल तर उद्या छान लागेल, आजही चालेल. पूर्ण पिवळं म्हणजे आज. पिवळ्यावर बारीक तपकिरी ठिपके आले की गोडी सगळ्यात जास्त, आणि ठेवायचं बळ सगळ्यात कमी. हा हिशेब बेळगाव शहरातल्या हवेचा. शहर साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हवा थंड. अथणीच्या उन्हाळ्यात प्रत्येक पायरीतून एक दिवस वजा करा.

रंगाइतकाच हात महत्त्वाचा. केळं पोटात दाबून बघू नका. तिथे डाग पडतो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो. देठाजवळ मान असते ना, तिथे दोन बोटांनी हलकं वाकवा. ताठ असेल तर कच्चं, थोडी लवचीक असेल तर उद्याचं, मऊ असेल तर आजचं. सगळ्या जातींना लागू पडणारी ही एकच खूण मला ठाऊक आहे. रंगाचं मात्र प्रत्येक जातीत वेगळं गणित आहे (पच्चबाळेसाठी 5, यालक्कीसाठी 6, लाल केळ्यासाठी 7).

फणीचा जाड दांडा, जिथे सगळी केळी एकत्र जोडलेली असतात, तो उलटा करून बघाच. कापल्या जागी बुरशी किंवा ओलसर काळेपणा असेल तर केळी पिवळीधमक असली तरी सोडून द्या. सड तिथून देठात उतरते आणि दोन दिवसांत केळी गळायला लागतात.

5. एप्रिल-मेमध्ये घेतलेली पच्चबाळे हिरवीच राहते. पिकली की नाही कसं कळणार?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि लोक सगळ्यात जास्त केळी वाया घालवतात तीही इथेच. हिरवी आहे म्हणून ठेवतात, चौथ्या दिवशी सोलतात तर आत लगदा.

पच्चबाळे-जी-नाइन कुळाची खोड अशी की पंचवीस अंशांच्या वर उष्णतेत पिकली तर आतला गर नेहमीसारखा पिकतो, पण सालीतला हिरवा रंग पुरता जात नाही. साल हिरवट-पिवळसर राहते आणि आतलं केळं तयार असतं. पच्चबाळे हे नाव पडलं ते यातूनच. आमच्या लहानपणी वखारीत शीतखोली नव्हती, तेव्हा उन्हाळ्यात पिकलेलं पच्चबाळे हिरवटच विकलं जायचं आणि कुणाची तक्रार नसायची. पिवळं केळं बघायची सवय लागली ती नंतर.

आता पिकवणी खोल्या आल्या. तिथे 16 ते 18 अंशांत इथिलीन वायू देऊन पिकवतात. त्या थंडाव्यात हिरवा रंग नीट जातो, म्हणून भर मे महिन्यातही पिवळीजर्द केळी दिसतात. म्हणजे उन्हाळ्यात गाड्यावर पिवळं पच्चबाळे दिसलं तर ते खोलीतलं, आणि हिरवट पण मऊ दिसलं तर साध्या आढीतलं. दोन्ही खाण्याजोगी. फरक एवढाच की खोलीतलं केळं थंडीतून उन्हात आल्यावर फार भरभर मऊ होतं. आज पूर्ण पिवळं घेतलंत तर ते उद्याचं समजू नका, संध्याकाळचं समजा.

हिरवटातलं पिकलेलं ओळखायला मान वाकवून बघा (प्रश्न 4). शिवाय नाकाशी धरा. पिकल्याचा गोड वास रंग येवो न येवो, येतोच. तिसरी खूण: कच्च्याची हिरवाई काळसर आणि चकचकीत असते, पिकलेल्याची फिकी आणि मळकट. आणि शंका असली तर गाडीवाल्याकडून एक केळं सोलून घ्या. एका केळ्यासाठी कुणी नाही म्हणत नाही.

6. यालक्की पिवळी बघून घेतली, तरी तोंड तुरट झालं. असं का?

यालक्कीची साल पातळ. ती पिवळी पडायला लागली तरी आतला तुरटपणा जायला आणखी एक-दोन दिवस लागतात. पच्चबाळे देठ हिरवट असताना खाल्लं तर चालून जातं, यालक्की तशी खाल्ली की जिभेवर पिठूळ, तुरट आणि आंबट असं सगळं एकदम येतं. लहान मुलं एकदा तोंड वाकडं करतात आणि मग वर्षभर यालक्कीला हात लावत नाहीत.

तयार यालक्की लिंबासारखी फिकी पिवळी नसते. ती सोनेरी, जरा गडद पिवळी होते, सालीवर बारीक काळे ठिपके येतात आणि वास हातभर अंतरावरून येतो. साल सोलताना कागदासारखी सुटते. ओढावी लागली तर अजून एक दिवस थांबा.

उन्हाळ्यातही यालक्की बऱ्यापैकी पिवळी होते, प्रश्न 5 मधली हिरवेपणाची खोड तिला तितकी नाही. तिची अडचण उलटी आहे. फार पिकली की देठापासून सुटते. म्हणून फणी हातात उचलून हलकी हलवा. दोन-तीन केळी हलली, सुटायला आली, तर ती फक्त आजची. काही गाड्यांवर सुटी पडलेली यालक्की वेगळ्या ढिगात स्वस्तात देतात. साल फाटलेली नसेल तर तो ढीग उत्तम. मी शिकरणासाठी तोच घेतो.

7. लाल केळं तर आधीपासूनच लाल. पिकलं हे कशावरून?

लाल केळ्यात लाली म्हणजे पिकणं नव्हे. गडद मरून, चकाकी असलेलं, दगडासारखं घट्ट केळं पूर्ण कच्चं असतं. दिसायला तेच सगळ्यात देखणं, म्हणून नवखा माणूस तेच उचलतो, घरी सोलायला जातो तर साल निघत नाही आणि गर खडूसारखा लागतो.

पिकताना मरून रंग उतरतो. विटेसारखा होतो, मग खालून पिवळसर-नारिंगी झाक दिसायला लागते, चकाकी जाते. त्यावर काळे डाग आले की बरेच जण टाकून देतात, पण खरं तेव्हाच ते खायचं. पोट अंगठ्याने अगदी हलकं दाबलं तर पिकलेल्या चिकूसारखं लागलं पाहिजे. गर दुधाळ ते फिकट नारिंगी असतो. सालीची जाडी जास्त असल्याने बाहेरून डाग दिसले तरी आत बहुधा काही झालेलं नसतं.

पिकायला याला इतरांपेक्षा जास्त दिवस लागतात. घट्ट मरून घेतलंत तर आठवडाभर वाट बघायची तयारी ठेवा. बेळगावात लाल केळं रोज येत नाही, त्यामुळे लोक मिळालं की डझनभर घेतात. त्यापेक्षा तीन वेगवेगळ्या रंगछटांची सहा घ्या, म्हणजे दोन-दोन दिवसांनी तयार होत जातील. आणि 'लाल केळ्याने रक्त वाढतं' हे रंगावरून रचलेलं आहे. चवीसाठी खा.

8. भाजीला किंवा वेफर्सला कुठली कच्ची केळी घ्यायची? कधी कधी भाजी गोड होते.

कच्ची केळी दोन तऱ्हेची मिळतात, आणि विकणारा दोन्हींना 'कच्ची' म्हणतो. एक खरं भाजीचं केळं, म्हणजे बूदबाळे: जाड, कंगोऱ्यांचं, राखाडी झाक असलेलं. दुसरं म्हणजे न पिकलेलं पच्चबाळे. बूदबाळे शिजल्यावर बटाट्यासारखी फोड धरते. पच्चबाळेची फोड जरा जास्त शिजली की मोडते, पण कोफ्ता, कटलेट, थालीपीठ असं काही कुस्करून करायचं असेल तर तीच सोयीची. वेफर्सना भरलेली आणि पूर्ण कच्ची हवीत. राजेळी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

भाजी गोड होते कारण केळं हिरवं होतं पण कच्चं नव्हतं. पिकवणी खोलीत वायू दिलेला माल दुसऱ्या दिवशीही बाहेरून हिरवाच दिसतो, पण आत पिठाची साखर व्हायला सुरुवात झालेली असते. असं केळं कढईत टाकलं की वेफर्स कुरकुरीत व्हायच्या आत लालसर-तपकिरी होतात आणि गार झाले की मऊ पडतात.

ओळखायचं असं. एक केळं फणीपासून तोडा. खऱ्या कच्च्याचं देठ 'कट्ट' करून तुटतं आणि तुटल्या जागी लगेच पाण्यासारखा पातळ चीक येतो, बोटाला लागला की काळा डाग पडतो. वायू दिलेल्याचं देठ दबकं तुटतं, चीक नावापुरता. नखाने साल खरवडली तर कच्च्याखाली पांढरा, कोरडा गर दिसतो. पिवळसर आणि ओलसर दिसला तर भाजीला नको, ठेवून द्या, दोन दिवसांनी खाता येईल.

घरी आणल्यावर जपायची गोष्ट एवढीच: हाताला आणि विळीला तेल लावा, नाहीतर चीक आठवडाभर बोटांवर राहतो. फोडी सरळ ताकाच्या पाण्यात टाका, म्हणजे काळ्या पडत नाहीत. आमच्याकडे ताक नसलं तर आई तांदळाच्या धुणाच्या पाण्यात मीठ घालून भागवायची.

9. देठ हिरवा आणि बाकी पिवळं म्हणजे कार्बाइडने पिकवलेलं, हे खरं का?

हा निरोप दर उन्हाळ्यात फिरतो. खरा नाही. नीट पद्धतीने इथिलीनवर पिकवलेलं जी-नाइन बाजारात येतं तेव्हा त्याचं अंग पिवळं आणि देठ हिरवटच असतं. तसंच काढतात, म्हणजे दुकानात दोन दिवस टिकतं. हिरवा देठ बघून केळं नाकाराल तर चांगला ताजा माल सोडून उतरणीला लागलेला घ्याल.

कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे. त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, आणि बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक-फॉस्फरसची भेसळ असते, धोका तिचा. इथिलीन वायूला मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 100 पीपीएमच्या मर्यादेत परवानगी दिलीय. फळ स्वतःही पिकताना हाच वायू सोडतं.

डोळ्यांनी कार्बाइड खात्रीने ओळखता येत नाही. जपायला हवं ते वेगळ्या खुणेवरून: साल एकसारखी पिवळी, पण गर घट्ट, पिठूळ, वास नाही. घाईने रंग चढवलेल्या केळ्याचं असं होतं, मग कारण कुठलंही असो. त्या गाड्यावर पुन्हा जाऊ नका. आणि फळांच्या पेटीत पांढऱ्या-करड्या पुड्या दिसल्या तर तिथून काहीच घेऊ नका.

10. शेतातून अख्खा घड आला. घरी कसा पिकवू?

आधी घड सावलीत उलटा टांगा, देठातला चीक गळू द्या. एक दिवसाने फण्या सोडवा. अख्खा घड तसाच टांगला तर वरच्या फण्या आधी पिकतात, खालच्या मागून. रोज थोडी थोडी खायची असतील तर हेच बरं.

एकदम पिकवायची असतील तर तांदळाच्या पिंपात किंवा पेंढा घातलेल्या खोक्यात फण्या ठेवा, मध्ये दोन पिकलेली केळी किंवा पिकलेला टोमॅटो, वर गोणपाट. पिकल्या फळातून सुटणारा इथिलीन कच्च्यांना पिकायला लावतो. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधू नका. आत वाफ साचते, हवा कोंडते, केळी पिकण्याऐवजी आंबूस होतात. तिसऱ्या दिवशी उघडा. रंग फिरायला लागला की बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवा. शेवटपर्यंत आढीत ठेवलेली केळी सगळी एकाच सकाळी पिकतात आणि मग गल्लीभर वाटत बसावं लागतं.

पूर्वी मातीच्या खोलीत धूर द्यायचे. त्यानेही पिकतात, पण सालीला धुराचा वास राहतो. घरात तो उद्योग करू नका.

11. केळी फ्रीजमध्ये ठेवावी की नाही?

कच्ची कधीच नाही. 13 अंशांच्या खाली कच्चं केळं गारठतं. साल राखाडी-काळी पडते, आणि बाहेर काढलं तरी नीट पिकत नाही, गर घट्टच राहतो. खाण्याजोगं पिकलेलं असेल तर ठेवायला हरकत नाही. साल काळी होईल, गर दोन-तीन दिवस ठीक राहील. यालक्की काळी पडली की पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही, एवढं लक्षात घ्या.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या रात्री चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतात, कधी त्याहीखाली. तेव्हा हिरवी फणी खिडकीखालच्या गार फरशीवर ठेवली तर तेच होतं जे फ्रीजमध्ये होतं. चुलीच्या खोलीत, गोणपाटावर ठेवा. थंडीत 'आठवडा झाला तरी पिकेना' असे निरोप येतात, ते बहुतेक फरशीवरच्या केळ्यांचे.

12. रविवारी सत्यनारायण आहे, 80 माणसं. केळी किती आणि कधी घेऊ?

इथे एकाच दिवशी तीन वेगळ्या पिकाची केळी लागतात, आणि लोक सगळी एकाच वेळी, एकाच गाड्यावरून घेतात. घोटाळा तिथे होतो.

प्रसादाला माणशी एक यालक्की धरा, वर दहा जादा, म्हणजे 90. किलोत 18 धरली तर 5 किलो. श्रावणातल्या हवेत ती गुरुवारी संध्याकाळी घ्या, पिवळं जास्त आणि हिरवं थोडं अशी. शुक्रवार-शनिवार मोकळ्या हवेत राहिली की रविवारी सोनेरी होतात. शनिवारी पिवळीधमक घ्यायला गेलात तर भाव जास्त आणि निवड कमी.

पूजेत मांडायची फणी वेगळी. ती दिसायला ताठ हवी, दोन तास समईच्या उबेत राहणार असते. देठ हिरवट असलेली पच्चबाळे शनिवारी घ्या.

शिऱ्यात घालायची केळी तिसरी. तिथे ठिपक्यांनी भरलेली, मऊ केळीच हवीत. घट्ट केळं तुपात परतल्यावर तुकडा राहतं, विरघळत नाही. सव्वा किलो रव्याला चार-पाच पिकली पच्चबाळे पुरतात. ती रविवारी सकाळी गाड्यावरच्या 'काढून टाकलेल्या' ढिगातून स्वस्तात मिळतात.

माझ्याच घरच्या पूजेला मी एकदा पाचही किलो यालक्की गुरुवारी आणून एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये एकावर एक रचली आणि पावसाची झड लागू नये म्हणून ताडपत्रीने झाकली. वखारवाल्याचा मुलगा मी, मला कोण सांगणार! रविवारी पहाटे ताडपत्री काढली तर आत ऊब धरलेली, खालचा थर देठापासून सुटून सालीला चिकटलेला. वरची चाळीसेक निघाली. बाकीची आईने न बोलता परातीत घेतली, गूळ आणि वेलदोडा घालून शिकरण केलं आणि तेवढीच एक वाटी प्रसाद म्हणून वाढली. म्हणून यालक्की नेहमी एका थरात, खाली गोणपाट, वरून फक्त सुती कापड.

13. आतले काळे ठिपके म्हणजे कीड का? आणि जुळं केळं देवाला चालतं का?

गराच्या मध्ये रांगेत दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे न धरलेल्या बिया. बिनधास्त खा. गरात मोठा काळा किंवा लालसर, कडक पट्टा असेल तर तेवढं केळं टाका.

जुळं केळं म्हणजे एका सालीत दोन. फळ धरताना दोन जवळची फळं जोडली जातात, बाकी काही नाही. नव्या नवरीने खाऊ नये असं आजी म्हणायची आणि स्वतः मात्र आवडीने खायची. देवापुढच्या फणीत ते आलं तर आमच्याकडे काढून ठेवतात. गाडीवाली मावशी ते वेगळं ठेवते आणि सोबत आलेल्या पोराच्या हातात फुकट देते. वजनात धरत नाही.